दोनशे गाड्या, हजार पाहुणे

मुलीचा बाप ब्रोशर वाचत नाही. घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवतो आणि जागा पाहायला उठतो. नागपुरात बेसा रस्त्याकडच्या एका मंगल कार्यालयाच्या ऑफिसात मी प्रूफ घेऊन बसलो होतो, तेव्हाची गोष्ट. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, हॉलची ब्रोशरं यांचा मराठी मजकूर लिहून द्यायचा, हा माझा धंदा. मालकांना जुनं ब्रोशर नव्यानं छापायचं होतं. जुन्यात मोठ्या अक्षरांत तीनच ओळी होत्या: भव्य पार्किंग २०० गाड्या, क्षमता १००० पाहुणे, केटरिंग आपल्या आवडीनुसार. खाली हाराचं चित्र, शहनाईचं चित्र आणि दोन मोबाइल नंबर. समोरच्या खुर्चीवर साठीच्या आसपासचे एक गृहस्थ आणि त्यांच्या मिसेस बसल्या होत्या. त्यांनी ब्रोशर हातात घेतलं, एकदा पालथं केलं, घडी घातली आणि म्हणाले, "जरा बाहेर पाहून येतो." खिडकीतून मला ते दिसत होते. भर उन्हात डोक्यावर रुमाल टाकून ते पार्किंगच्या मैदानात एका कुंपणापासून दुसऱ्या कुंपणापर्यंत मोठी मोठी पावलं टाकत चालले होते. मग आडवे चालले. परत येऊन पाणी प्याले आणि म्हणाले, "अठ्ठेचाळीस इकडून, बत्तीस तिकडून. लग्नाच्या दिवशी ही जागा अशीच मोकळी राहते का?"

"राहते ना जी," मालक म्हणाले. "केटररचा टेंट लागते थोडासा मागच्या बाजूनं. भांडे धुवायले. अन् जनरेटरची गाडी. बाकी सारी मोकळी."

गृहस्थांनी मान हलवली आणि विषय बदलला. पण ती अठ्ठेचाळीस आणि बत्तीस पावलं माझ्या डोक्यात राहिली. मोठं पाऊल अडीच फुटांचं धरलं तर मैदान झालं एकशेवीस बाय ऐंशी, म्हणजे ९६०० चौरस फूट. एक कार नुसती उभी राहायला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा घेते. पण तिला आत यायला, वळायला आणि दुसरीला न घासता बाहेर पडायला रस्ताही हवा. तो धरला की मोकळ्या मैदानात एका कारमागे अडीचशे चौरस फूट जातात. म्हणजे दुसरं काहीही नसताना, अगदी शिस्तीनं लावल्या तर, या मैदानात अडतीस कार. दुचाकीला रस्त्यासकट पस्तीसेक फूट. दोन भाग कारला आणि एक भाग दुचाकीला दिला तर पंचवीस कार आणि नव्वद दुचाक्या. जुन्या ब्रोशरातल्या दोनशे गाड्या केव्हातरी कुणी दुचाक्या धरूनच मोजल्या असणार, आणि त्याही टेंट, जनरेटर आणि डेकोरेशनवाल्याचा ट्रक यायच्या आधी.

घरी येऊन मी कागदावर एक लग्न मांडून पाहिलं. सहाशे पाहुणे. शंभर जण वराकडच्या बसनं किंवा ऑटोनं येणार. दोनशे कारनं, एका कारमध्ये चौघं धरले तर पन्नास कार. तीनशे दुचाकीनं, दोघं दोघं, म्हणजे दीडशे दुचाक्या. आता हे लग्न जर संध्याकाळचं स्वागत असेल तर पाहुणे साडेसातपासून दहापर्यंत विखरून येतात. पाकीट देतात, फोटो काढतात, जेवतात आणि तासाभरात निघतात. ऐन गर्दीतही आवारात वीस-पंचवीस कार आणि ऐंशीच्या आत दुचाक्या असतात. मैदान पुरतं. पण हेच सहाशे पाहुणे पावणेबाराच्या मुहूर्ताला आले तर? अक्षता सगळ्यांनाच टाकायच्या असतात. साडेअकराला पन्नासच्या पन्नास कार दारात. पंचवीस आत, पंचवीस रस्त्यावर, आणि त्यांच्यामागून वरातीची घोडी. म्हणजे त्याच जागेत एक लग्न निवांत पार पडतं आणि दुसऱ्यात मुलीचा मामा मंगलाष्टकं सोडून रस्त्यावर शिट्टी वाजवत उभा असतो.

ब्रोशरमध्ये जागा लिहिलेली असते, वेळ कुठेच लिहिलेली नसते.

या कार्यालयाचा गाड्या लावून देणारा माणूस मात्र वेळेवरच चालतो. त्याला कुणी शिकवलेलं नाही. एका लग्नात मी बराच वेळ त्याच्याजवळ उभा होतो. त्याची नजर नंबरप्लेटवर. एमएच ३१ आणि ४९, म्हणजे नागपूर शहरातली गाडी, ती फाटकाजवळ लावून घेतो, कारण शहरातला पाहुणा तासाभरात निघणार. ३२ वर्ध्याची, २७ अमरावतीची, ३४ चंद्रपूरची, ३६ भंडाऱ्याची, या थेट आतल्या भिंतीला. "हे आता विदाई झाल्याशिवाय हालत नाही," तो म्हणाला. आतल्या गाडीवाल्याला मधेच निघायचं असेल तर पुढच्या चार गाड्या हलवाव्या लागतात, म्हणून आधीच विचारून ठेवतो: "काकाजी, थांबणार ना?" काकाजींना वाटतं, काय अगत्याचा माणूस आहे.

आमच्या लहानपणी महाल भागातल्या वाड्यात लग्नं व्हायची, तेव्हा पार्किंग हा प्रश्न नव्हता. सायकली शेजारच्या ओसरीला टेकवायच्या. क्षमताही कुणी विचारत नसे. चौकात पंगत बसायची, पळसाच्या पत्रावळी, आणि चौकात मावतील तेवढी माणसं ही एक पंगत. बाकीचे वाट पाहायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा मोकळी असायची, तिथे वराकडच्यांचा जानोसा. वर्गातले बाक भिंतीला लावून सतरंज्या अंथरलेल्या, फळ्यावर कुणीतरी खडूनं नवरानवरीची नावं लिहिलेली. त्या वेळी सगळं गोड होतं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. तिसऱ्या पंगतीला बसलेल्या मावशीला वरण पातळ झाल्याचं कळायचंच, आणि ते ती पुढची वीस वर्षं सांगायची. नावं ठेवायची सोय तेव्हाही होती. फक्त कार्यालयवाल्याच्या नावानं ठेवता येत नव्हती, घरच्यांनाच ऐकून घ्यावी लागायची.

क्षमतेच्या ओळीसाठी मी मालकांच्या मुलाला घेऊन टेप लावला. सभागृह पन्नास बाय ऐंशी, चार हजार फूट. स्टेज, स्टेजसमोरची फोटोवाल्यांची जागा, मधला रस्ता असं हजार फूट काढलं. एका खुर्चीला गुडघ्याच्या जागेसकट सात फूट लागतात. चारशेच्या वर थोड्या खुर्च्या बसतात, त्यापुढे माणसं तिरपी चालायला लागतात. भोजनगृह चाळीस बाय साठ. टेबलखुर्चीवर जेवायला आणि मागून वाढप्याला बादली घेऊन फिरायला माणशी बारा फूट लागतात. एका पंगतीला दोनशे. मग हजार कुठून आले? चारशे सभागृहात, दोनशे जेवताना, उरलेले चारशे व्हरांड्यात, लॉनवर आणि मैदानात गाड्यांच्या मधे उभे. खोटं म्हणता येणार नाही. हजार माणसं आवारात असू शकतात. फक्त ती हजार माणसं एकाच वेळी बसू किंवा जेवू शकत नाहीत.

आणि इथेही घड्याळ आहेच. पंगत बसली, वाढलं, जेवण झालं, टेबलं पुसून नवी ताटं मांडली, याला चाळीस-पंचेचाळीस मिनिटं जातात. लगबग केली तर जेवणारा बिचारा घास गिळत असताना त्याच्या खुर्चीमागे पुढचा माणूस पाठीला हात लावून उभा राहतो. सव्वाबाराला पहिली पंगत बसली तर तिसरी पावणेदोनला बसते. सहाशे माणसांचं लग्न या जागेत तीन पंगतींत होतं, अडीचच्या आत. हजार माणसांच्या पाच पंगती झाल्या तर शेवटची सव्वातीनला बसेल, आणि त्या पंगतीत नेहमी वधूची आई, तिच्या बहिणी आणि सकाळपासून धावणारी घरची पोट्टी असतात. बुफेनं हे सुटतं असं लोकांना वाटतं. एका टेबलाच्या एका बाजूनं मिनिटाला चार-पाचच माणसं पुढे सरकतात, कारण पुऱ्यांशी सगळे थांबतात. दोन रांगा लावल्या तरी सहाशे माणसांना तास लागतो. रांगा चार केल्या की अर्ध्या तासात काम होतं, पण तेवढे वाढपी आणि तेवढी गरम भांडी ठेवायचे पैसे केटरर वेगळे लावतो. बुफे पाहायला गेलात तर पदार्थ किती हे नंतर विचारा, रांगा किती हे आधी विचारा.

मे महिन्यात नागपुरात यात आणखी एक भर पडते. ब्रोशरवर 'एअर कूल्ड' असतं, म्हणजे भिंतीला लावलेले मोठे डेझर्ट कूलर. आपली कोरडी हवा असल्यामुळे ते उत्तम चालतात, पण एका अटीवर: आत आलेली हवा समोरून बाहेर जायला हवी. सजावटवाल्यानं समोरच्या खिडक्या मखमली पडद्यांनी बंद केल्या की त्याच हॉलमध्ये अर्ध्या तासात चिकचिक होते आणि माणसं पत्रिकेनं वारा घ्यायला लागतात. चारशे खुर्च्यांचा हॉल मग दोनशेचा होतो. उरलेले बाहेर झाडाखाली. हे मी मालकांना सांगितलं, ते म्हणाले, "पडदे तर पार्टीलेच पायजे असतात भाऊ, मी काय करू?" तेही खरंच.

आता केटरिंग. या ओळीवर माझं मन सगळ्यात जास्त अडकलं, कारण मध्यमवर्गीय घराचा खरा हिशेब इथे असतो. 'आपल्या आवडीनुसार' या तीन अक्षरी-सहा अक्षरी गोडव्याखाली तीन वेगवेगळे व्यवहार असतात. एक, कार्यालयाचा ठरलेला केटरर, प्लेटवर भाव. दोन, तुमचा केटरर, पण त्यानं कार्यालयाला प्लेटमागे काहीतरी द्यायचं. ते तो तुमच्याच भावात मिसळतो. तीन, तुमचा आचारी, तुमचा किराणा, आणि कार्यालयाला फक्त स्वयंपाकघराचं भाडं. तिसरा सगळ्यात स्वस्त दिसतो. तो करणारी घरं अजून आहेत. इतवारीतून किराणा भरायचा, कॉटन मार्केटातून पहाटे भाजी आणायची, आचारी आपल्या गावचा. पाचशे पानांना चाळीस-पंचेचाळीस किलो तांदूळ, वीसेक किलो तूरडाळ, अशी त्याची यादी तोंडपाठ असते. पण यादीत नसलेल्या गोष्टींवर पैसा जातो: व्यापारी वापराचे एकोणीस किलोचे चार-पाच सिलेंडर, पिण्याच्या पाण्याचे जार, मोठे गंज आणि कढयांचं भाडं, भांडी घासणाऱ्या बायका, आणि रात्री उरलेल्या अन्नाचं काय करायचं याची जबाबदारी. हे सगळं कुणाकडे, हे आधी ठरलेलं नसलं की लग्नाच्या सकाळी सहा वाजता आचारी वधूपित्याला शोधत येतो, आणि त्या वेळी वधूपित्याला हळद लागलेली असते.

तरीही लोक तिसरा मार्ग धरतात, आणि तो नुसता पैशासाठी नाही. सकाळच्या जेवणाला घरच्या माणसांना गोळाभात हवा असतो. ठरलेल्या केटररच्या मेनूत पनीर असतं, नूडल्स असतात, चाट असतो. गोळाभात विचारला तर "करून देऊ" म्हणतो आणि मसालेभातावर भजी ठेवून देतो. एका लग्नात मी मागच्या टेंटमध्ये चहा प्यायला गेलो होतो. आचाऱ्यानं हरभऱ्याच्या भरड्या डाळीचे गोळे भातात वाफवून ठेवले होते. लोखंडी कढईत तेल तापत होतं, त्यात त्यानं मोहरी, हिंग टाकला, लाल मिरच्या काळसर होईपर्यंत थांबला आणि पोरांना ओरडला, "सरका रे बाजूले!" मग ते तेल वेगळ्या गंजात ओतून घेतलं. ते ताटात वरून घालायचं असतं, भातात आधी घालून ठेवलं की गोळे चामट होतात. वाढपी कार्यालयाचे होते, त्यांना हे माहीत नव्हतं. एकानं गंज उचलून सरळ भातावर उपडा करायला घेतला होता. आचाऱ्यानं त्याचा हात धरला. आवडीनुसार म्हणजे हा हात धरायची मुभा.

मध्यमवर्गीय घराला खरं तर दोन स्वयंपाक हवे असतात. सकाळी शंभर-सव्वाशे घरच्या माणसांना गोळाभात, कढी, सांबारवडी, आचाऱ्याच्या हातचं. संध्याकाळी ऑफिस, शेजारी, मुलाचे मित्र, अशा पाचशे माणसांना केटररचा बुफे. मालकांना मी विचारलं, असं चालेल का? एका दिवशी दोन? ते बराच वेळ हिशेब करत होते. स्वयंपाकघर दुपारी तीनला रिकामं करून, धुऊन द्यायला पाहिजे, नाहीतर केटरर पाय ठेवणार नाही. मग म्हणाले, "तीन वाजेपर्यंत खाली करत असन तर चालते. भाडं अर्धं लावीन."

भांडणं मात्र या सगळ्यापेक्षा साध्या गोष्टीवर होतात, प्लेटच्या मोजणीवर. पाचशे प्लेट ठरल्या, रात्री केटरर पाचशे सत्तर सांगतो. तो चोर असतो असं नाही. एखाद्या मुलानं प्लेट खाली पाडून दुसरी घेतली, कुणी जिलेबीसाठी नवी घेतली, बँडवाले, फोटोवाले, ड्रायव्हर आणि मंडपाची पोरं जेवली, ती वाढ. ज्याला अनुभव आहे तो जेवण सुरू व्हायच्या आधी एका समजूतदार मेहुण्याला टेबलाजवळ उभा करतो. प्लेटांचे पन्नास-पन्नासचे थर मॅनेजरसमोर मोजायचे, दोघांनी कागदावर सही करायची आणि शेवटी उरलेल्या मोजायच्या. गोडासाठी लहान वाट्या वेगळ्या ठेवायला लावायच्या. बँड आणि फोटोवाल्यांची संख्या आधीच लिहून द्यायची. एवढं केलं की पाचशे सत्तरची पाचशे वीस होते, आणि वीसचं कुणाला वाईट वाटत नाही.

नवीन ओळी मी अशा लिहून दिल्या. सहाशे पाहुण्यांचं लग्न निवांत: सभागृहात ४०० खुर्च्या, भोजनगृहात एका पंगतीला २००. आवारात एका वेळी २५ कार आणि ९० दुचाकी. सकाळी आपला आचारी, संध्याकाळी आमचा केटरर. आणि शेवटी: लग्नाच्या ३ दिवस आधीपर्यंत ५० प्लेट कमी-जास्त करता येतील.

मालकांनी चष्मा कपाळावर घेतला. "शेजारच्या लॉनवाला दीड हजार लिहिते. हे सहाशे पाहून लोक तिकडं जातीन ना भाऊ." मी म्हटलं, दीड हजारवाले तसेही तिकडेच जाणार. सहाशेचं लग्न करणाऱ्याला दीड हजार वाचून धीर येत नाही, वीज आणि भाड्याची धास्ती येते. त्यांचा मुलगा माझ्या बाजूनं बोलला, तो रोज फोन घेतो म्हणून. पंचवीस कारवर तर बापलेकांचं जुंपलंच. शेवटी तोडगा मुलानं काढला. शेजारचा प्लॉट मोकळा पडलेला आहे, त्याचा मालक पुण्यात असतो. सकाळच्या मुहूर्ताच्या दिवशी तो भाड्यानं घ्यायचा, दिवा आणि एक माणूस कार्यालयानं ठेवायचा. ती अर्धी ओळ वाढली: सकाळच्या मुहूर्ताला शेजारच्या जागेत आणखी ३० कार. वडील म्हणाले, "आता कसं!"

प्लेटच्या ओळीला विरोध आला तो भलतीकडून. छपाईला जायच्या आधी केटरर स्वतः माझ्याकडे आला, स्कूटर दारातच लावून. चिडलेला नव्हता, वैतागलेला होता. "दादा, तीन दिवस आधी पन्नास प्लेट कमी केल्या तर माझा किराणा भरून झालेला असते. पनीरची ऑर्डर दिलेली असते. पोट्ट्यांना रोजी ठरवलेली असते. वाढवा म्हणाल तर मी रात्रीतून वाढवतो. कमी करा म्हणाल तर कुठं टाकू?" त्याचं बरोबर होतं. वाढवणं आणि कमी करणं ही ओळीत जोडीनं शोभतात, स्वयंपाकघरात त्यांचा भाव वेगळा असतो. आम्ही तिथेच टेबलावर बसून ओळ दोन तुकड्यांत केली: प्लेट वाढवायच्या असल्यास आदल्या दिवशी दुपारपर्यंत, कमी करायच्या असल्यास पाच दिवस आधी, ५० पर्यंत. ओळ लांब झाली, हाराच्या चित्राला जागा उरली नाही. हार काढला.